दिवाळीपूर्व साफसफाई : कोठी, कपाट, मोरी आणि कोपरा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाची संहिता)

 

आश्विन पौर्णिमेला आयंबिलाची ओळी पूर्ण होते आणि त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी प्रभू महावीरांच्या निर्वाणकल्याणकाची अमावास्या येते. या पंधरवड्यात आपल्या घराघरांतून माळ्यावरची भांडी खाली येतात, कपाटे रिकामी होतात, मोऱ्या घासल्या जातात. ज्या प्रभूंनी सूक्ष्म जीवालाही अभय दिले, त्यांच्या निर्वाणाचा दिवस साजरा करण्यासाठी आपण घर स्वच्छ करतो. आणि नेमक्या याच पंधरवड्यात वर्षातली सर्वांत मोठी जीवहानी आपल्या हातून घडते. कोठीच्या तळाशी साचलेले किडे उन्हात टाकले जातात, मोरीत उकळते पाणी ओतले जाते, कपाटामागच्या झुरळांवर औषधाचा फवारा सोडला जातो. दिवाळीची साफसफाई करावी की करू नये, हा आजचा प्रश्न नाही. ती करायलाच हवी. ती केव्हा, कोणत्या क्रमाने आणि कशी केली, तर मारण्याची वेळच येणार नाही, एवढाच विषय मी आज मांडणार आहे.

प्रथम आपल्या किनाऱ्याचा विचार करू. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्ट्यात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास तो परततो. हे चार महिने हवा दमट असते, ऊन क्वचित पडते, खिडक्या मिटलेल्या असतात. ऊब, ओल, अंधार आणि अन्नाचे कण या चार गोष्टी एकत्र आल्या, की कीटकांची उत्पत्ती वाढते. आपल्या आचार्यांनी साधुभगवंतांना चार महिने एका ठिकाणी स्थिर राहण्याची आज्ञा दिली, ती याच कारणासाठी. पावसाळ्यात भूमी जीवांनी व्यापलेली असते. परंतु जे रस्त्यावर घडते तेच घरातही घडत असते, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. दिवाळी चातुर्मासाच्या शेवटी येते. म्हणजे आपण कोठी उघडतो ती चार महिन्यांची उत्पत्ती पूर्ण झाल्यावर.

यातून बाहेर पडण्याची वाट आपल्या आचारातच सांगितलेली आहे. पीठ, मिठाई, खाखरा यांना शास्त्राने काळमर्यादा घातली. दिवसांची संख्या परंपरेप्रमाणे निराळी आढळते. पण सर्व परंपरांत एक गोष्ट समान आहे. पावसाळ्यातली मर्यादा सर्वांत लहान आहे. कीटकशास्त्र आज हेच वेगळ्या शब्दांत सांगते. प्रत्येक कीटकाला अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत ठराविक काळ लागतो आणि उबदार, दमट हवेत तो काळ आखूड होतो. मुगातल्या भुंगेऱ्याला आपल्याकडे पावसाळ्यात २५ ते ३० दिवस पुरतात. तांदळातल्या लांब सोंडेच्या काळ्या किड्याला एक महिना किंवा थोडे अधिक लागतात. मोरीतल्या चिलटासारख्या केसाळ माशीला दोन-तीन आठवडे, तर डासाला आठ-दहा दिवस. आपण ज्या अंतराने एखादी जागा पाहतो आणि झाडतो, ते अंतर या काळाहून लहान असेल, तर तेथे दुसरी पिढी जन्मालाच येत नाही. ते अंतर मोठे असेल, तर साफसफाई म्हणजे संहारच होतो.

यावरून वार्षिक साफसफाईचे खरे काम कोणते, तेही ठरते. वर्षातून एकदा केलेली सफाई कीटकांना वर्षभर रोखू शकत नाही. तिचे काम घराची दुरुस्ती करण्याचे आहे : फटी बुजवणे, जाळ्या बसवणे, कोठी कोरडी करणे, कपाट भिंतीपासून दूर घेणे. एवढे झाले, की पुढची साप्ताहिक व मासिक सफाई हलकी होते आणि कोणाचा जीव न घेता पार पडते.

आधी पडिलेहण, मग केरसुणी

साधुभगवंत दिवसातून दोन वेळा आपली वस्त्रे आणि पात्रे उलगडून, प्रकाशात धरून पाहतात. त्याला आपण पडिलेहण म्हणतो. पाहणे आधी, पुंजणे नंतर आणि उचलणे-ठेवणे त्याच्याही नंतर, असा तो क्रम आहे. आपण मात्र दिवाळीत पहिल्याच दिवशी केरसुणी हाती घेतो. त्याऐवजी पहिले दोन दिवस फक्त पाहण्यासाठी ठेवावेत.

रात्री दिवे मालवून तासाभराने विजेरी घेऊन स्वयंपाकघरात जावे आणि झुरळे कोणत्या दिशेने पळतात ते पाहावे. ती ज्या फटीत शिरतात तेच त्यांचे घर. मोरीच्या तोंडाशी मोठी तांबूस झुरळे दिसली, तर ती गटारातून येत आहेत. ओट्याखालच्या खणात किंवा शीतकपाटाच्या मागे लहान, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली दिसली, तर ती घरातच वाढत आहेत. बहुधा किराणा मालाच्या खोक्यांतून आलेली. दोहोंचा उपाय वेगळा आहे. पहिल्यांसाठी मोरी बंद करावी लागते, दुसऱ्यांसाठी खण रिकामा आणि कोरडा ठेवावा लागतो. कोणती झुरळे आहेत हे न पाहता फवारा मारणाऱ्याच्या हाती हिंसा येते, उपाय येत नाही.

उंदरांच्या बाबतीत आपल्या घरातली रांगोळीच उपयोगी पडते. भिंतीच्या कडेला, माळ्यावर आणि कोठीच्या दाराशी हातभर लांबीचा रांगोळीचा पातळ थर रात्री पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पावलांचे ठसे आणि शेपटीची रेघ उमटलेली दिसते. येण्याजाण्याची वाट कळली, की बुजवायची फट शोधणे सोपे जाते. पिठाचा थर मात्र देऊ नये; ते त्यांना जेवणाचे आमंत्रण ठरते.

कोठी

आता कोठीकडे येऊ. येथे एका धान्याचे उदाहरण पूर्ण घेतो, म्हणजे बाकीच्यांचे आपोआप समजेल. एका घरात श्रावणाच्या आरंभी ५ किलो अख्खे मूग आणले, असे समजा. डबा भरून ठेवला. त्यातल्या २० दाण्यांत भुंगेऱ्याची अळी आधीपासून होती. ती शेतातून किंवा दुकानाच्या गोदामातून आलेली, बाहेरून न दिसणारी. हिशेबापुरते असे धरू, की महिन्याभराने त्यातून २० भुंगेरे निघाले आणि त्यातल्या निम्म्या माद्या. एक मादी साधारण ८० अंडी घालते. म्हणजे भाद्रपदाच्या आरंभी ८०० अंडी झाली. निम्मी जगली, तरी आश्विनाच्या आरंभी ४०० भुंगेरे. त्यातल्या २०० माद्यांची अंडी १६,०००. तीन महिन्यांनी, अगदी दिवाळीच्या तोंडावर, आपण झाकण काढतो तेव्हा तिसरी पिढी डब्यात वळवळत असते. प्रत्यक्षात आकडे कमी-अधिक होतील, परंतु वाढीची चाल अशीच असते. गृहिणी कपाळाला हात लावते आणि डबा उन्हात उपडा करते.

आता त्याच घराने एका वेळी १ किलोच मूग आणले असते, तर काय झाले असते? चार-पाच माणसांच्या कुटुंबात ते तीन आठवड्यांत संपतात. २५ दिवस पूर्ण होण्याआधीच डबा रिकामा झाला, म्हणून दुसरी पिढी जन्मालाच आली नाही. पावसाळ्यात अख्खे कडधान्य तीन आठवड्यांच्या वापराहून अधिक आणायचे नाही, हा एक नियम पाळला, तर दिवाळीतली कोठीची अर्धी हिंसा टळते. मुगाऐवजी मुगाची डाळ ठेवली, तर त्रास आणखी कमी होतो. कारण हा भुंगेरा अंडे घालण्यासाठी अख्ख्या दाण्याची सालच शोधतो.

पण त्या १ किलोमध्येही काही दाण्यांत अळी असणारच, मग ते शिजवायचे कसे, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्त आहे. त्यासाठी दाणे दिवसाच्या उजेडात, स्टीलच्या ताटात थोडे थोडे घेऊन निवडावेत. भुंगेऱ्याचे अंडे दाण्याच्या सालीला चिकटलेले असते आणि डोळ्यांना दिसते. ते पारदर्शक, चकचकीत थेंबासारखे असेल, तर अळी अजून आत शिरलेली नाही. दुधासारखा पांढरा, अपारदर्शक ठिपका असेल, तर अळी दाण्यात गेलेली आहे. सालीवर गोल खिडकीसारखा पातळ डाग असेल, तर आतला जीव बाहेर येण्याच्या बेतात आहे. गोल भोक असेल, तर तो निघून गेलेला आहे. हे चार प्रकार ओळखता आले, की निवडणे हे नुसते घरकाम न राहता खरेखुरे पडिलेहण होते. असे दाणे बाजूला काढावेत. त्यांचे पुढे काय करावे ते नंतर सांगतो.

तांदूळ आणि गव्हाच्या बाबतीत दाण्यातली ओल हा मुख्य मुद्दा आहे. शंभर भागांत बारा भागांहून कमी ओल असलेल्या धान्यात कीड मंद वाढते आणि नऊ-दहा भागांच्या खाली सोंडकिड्याची पैदास जवळजवळ थांबते. वैशाखात वाळवलेले धान्य या मर्यादेत येते. पण आपल्या किनाऱ्यावरची आषाढातली हवा त्याला पुन्हा चौदा-पंधरा भागांपर्यंत ओल देते, तीही डब्याचे झाकण नुसते सैल असल्यामुळे. म्हणून वर्षाचे धान्य भरणाऱ्यांनी ते अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, कीड लागण्यापूर्वी, उन्हात वाळवावे. धान्य पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या कोठीत गळ्यापर्यंत भरावे. वर रिकामी जागा कमी, तितकी आतली हवा कमी. गरम धान्य भरले, तर झाकणाखाली पाणी सुटते आणि सारे व्यर्थ जाते.

ओल ओळखण्याची एक घरगुती परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य घ्यावे, त्यात दोन चमचे तव्यावर परतून पूर्ण कोरडे केलेले व निवलेले मीठ घालावे आणि बाटली दोन-तीन मिनिटे हलवून ठेवावी. मीठ काचेला चिकटले, तर धान्यात पंधरा भागांहून अधिक ओल आहे; ते भरून ठेवण्याजोगे नाही. मीठ तळाशी मोकळे राहिले, तर ओल त्याहून कमी आहे. एवढ्यावर धान्य बारा भागांपर्यंत उतरले, असे मात्र समजू नये. त्यासाठी दाणा दाताखाली धरावा. तो कट्‌कन तुटायला हवा.

कडधान्याला तेल लावण्याची आपल्या आज्या-पणज्यांची रीतही विचारपूर्वक होती. किलोमागे एक लहान चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर एरंडेल, दाण्याला हलक्या हाताने चोळले, की गुळगुळीत सालीवर मादी अंडी घालायला फारशी राजी होत नाही. मात्र अंडी आधीच असतील, तर तेच तेल त्यांचा श्वास कोंडते. म्हणून तेल लावायचे ते निवडून झालेल्या, स्वच्छ कडधान्याला. कीड लागल्यावर उपाय म्हणून ते लावू नये.

दिवाळीच्या सफाईत रिकाम्या कोठीचा तळ पाहायला विसरू नये. पत्र्याच्या कोठीच्या तळाला जिथे पत्रा दुमडून जोडलेला असतो, त्या खाचेत मूठभर भुगा वर्षानुवर्षे राहतो आणि नव्या धान्याला तेथूनच कीड लागते. जुने शिल्लक धान्य तळाशी ठेवून त्यावर नवे ओतण्याची सवय याच कारणाने घातक आहे. घरघंटीचेही तसेच. दळण झाल्यावर तिच्या पेटीत आणि जाळीमागे राहिलेल्या पिठात तांबडे किडे महिना-सव्वा महिन्यात पिढी पूर्ण करतात. घरघंटी दर दळणानंतर मऊ कुंच्याने झाडली, तर तिच्यात झाडण्याजोगा जीव कधी सापडतच नाही.

कपाट आणि ग्रंथ

कपाटांविषयी आपल्या परंपरेने मोठा धडा घालून दिला आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी साजरी होते. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम ग्रंथरूपात पूर्ण केल्याचा तो दिवस. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. दोन्ही दिवशी ग्रंथभांडारे उघडतात, पोथ्यांवरची धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात, पूजन होते. दिनदर्शिका समोर ठेवून पाहा. एक पंचमी पावसाच्या तोंडावर आहे, दुसरी पाऊस संपल्यावर. पाटण-जैसलमेरच्या भांडारांतील पोथ्या शेकडो वर्षे टिकल्या, त्यामागे कोरडी हवा आहे, तशीच ही शिस्तही आहे. पोथीच्या बांधणीत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत त्या भांडारांत होती. वेखंडाच्या उग्र वासाने कीटक दूर राहतात. मात्र वास उडाला, की तो उपाय संपतो, म्हणून पुरचुंडी दरवर्षी बदलावी लागते.

आपल्या घरातल्या कपाटात कसर वाढते ती खळ, डिंक आणि ओल यांच्यावर. कपाट भिंतीला टेकलेले असेल, तर पावसाळ्यात त्याची पाठ ओली राहते. दिवाळीत ते भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे आणि तसेच ठेवावे. खणात वर्तमानपत्र अंथरण्याची सवय सोडावी. त्या कागदाखालीच अंधार, डिंक आणि आडोसा असे तिन्ही मिळते. कपडे धुऊन, पूर्ण कोरडे करून ठेवावेत, कारण कसरीला घामाचा आणि खळीचा अंश हवा असतो. डांबराच्या गोळ्या लहान बाळाच्या कपड्यांत कधीही ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो. त्यांना त्या वासाने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

झुरळाचे अंडकोश ओळखता आले पाहिजेत. मोठ्या तांबूस झुरळाचा कोश राजम्याच्या लहान दाण्यासारखा, काळपट तपकिरी असतो. त्यात पंधरा-सोळा अंडी असतात आणि ती फुटायला दीड-दोन महिने लागतात. मादी तो खणाच्या सांध्यात किंवा पुठ्ठ्याच्या घडीत चिकटवून जाते. असा पुठ्ठा किंवा खोके सापडले, तर ते न आपटता, न जाळता, उचलून घरापासून दूर सावलीत ठेवावे. किराण्याची खोकी घरात साठवूनच ठेवली नाहीत, तर हाही प्रसंग येत नाही.

मोरी

मोरीच्या बाबतीत क्रम चुकला, की सारे घर अडचणीत येते. याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. रोग घाणीतून उठतो, अशी त्या वेळची समजूत होती. म्हणून नगरपालिकेने गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडून ती धुतली. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत काम करून मांडले ते १८९८ मध्ये. गटारे धुतल्यामुळे तेथले उंदीर बाहेर पडून वस्तीत शिरले असावेत, असे मत पुढे मांडले गेले. हेतू शुद्ध होता. पण घराकडची वाट बंद न करता बिळात पाणी सोडले गेले.

आपणही मोरीत फिनेल किंवा उकळते पाणी ओततो, तेव्हा लहान प्रमाणात हेच करतो. वाटेतले जीव मरतात आणि उरलेले उलट्या दिशेने स्वयंपाकघरात येतात. म्हणून प्रथम मोरीच्या तोंडावर बारीक छिद्रांची जाळी घट्ट बसवावी, पाइप भिंतीतून जातो तेथली फट सिमेंटने बुजवावी आणि मगच घासायला घ्यावे. साधे पाणी, साबण आणि ब्रश पुरेसे आहेत. पाइपाच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो, तेच मोरीतल्या माश्यांच्या अळ्यांचे अन्न. तो थर आठवड्यातून एकदा घासला, तर त्यावर अळी वाढून पूर्ण होण्याइतका काळ मिळत नाही आणि थरही जाड होत नाही. वर्षाने घासला, तर प्रत्येक घासणीत शेकडो जीव जातात.

मोरीखाली गवंडी ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, तो बसवलेला असतो. त्यात सुमारे ५ सेंटिमीटर पाणी कायम राहते आणि तेच गटार व घर यांच्यामधले दार असते. आपल्या भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण अलिबाग, रेवदंडा, मुरूड येथली अनेक घरे मुंबईतल्या कुटुंबांची असून महिनोन्‌महिने बंद असतात. ट्रॅपमधले पाणी आटते आणि झुरळे सरळ वर येतात. दिवाळीला घर उघडल्यावर जे दृश्य दिसते, त्याचे कारण हेच. घर बंद करताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतून त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश आटते. मोरीवर झाकणही ठेवावे. आपल्या उपाश्रयाच्या वर्षातून काही महिने वापरात नसणाऱ्या न्हाणीघरांनाही हेच लागू आहे.

डासांविषयी एकच सांगतो. साठवलेले पाणी ओतून दिले, तर त्यातल्या अळ्या मरतात. ते झाकून ठेवले, तर डास तेथे अंडी घालतच नाहीत. पिंपावर कापड बांधणे म्हणूनच अधिक जयणेचे आहे.

कोपरा, माळा आणि कौले

घरउंदीर आपल्याकडे जमिनीवरून कमी आणि वरून अधिक येतो. नारळ-सुपारीचे झाड किंवा आंब्याची फांदी छपराला टेकली, की त्याला पूल मिळतो. फांद्या छपरापासून किमान हातभर, शक्य तर मीटरभर दूर असाव्यात. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे ६ मिलिमीटरची, फट पुरते. घराच्या दाराखाली पत्र्याची पट्टी, वायुवीजनाच्या झरोक्यांना तारेची जाळी आणि कौलांखालच्या मोकळ्या जागेत जाळी, एवढे दिवाळीच्या दुरुस्तीत करावे. पण बुजवण्याआधी दोन रात्री रांगोळी पसरून आत कोणी उरले नाही ना, याची खात्री करावी. विणीची पिल्ले आत असताना फट बंद केली, तर ती आत तडफडून मरतात आणि आपण मात्र काही मारले नाही, या समाधानात राहतो.

परठवणे

पाच समित्यांमधल्या शेवटच्या दोन, आदान-निक्षेप आणि पारिष्ठापनिका, या साफसफाईच्याच समित्या आहेत : उचलताना-ठेवताना जपणे आणि टाकताना जपणे. बाजूला काढलेले किडके दाणे उन्हात, पाण्यात, अग्नीत किंवा रस्त्यावर टाकू नयेत. झाडाखाली, सावलीत, पाऊल न पडणाऱ्या कोरड्या जागी ते पातळ पसरावेत. किडक्या तांदळाचे ताट सावलीत, कापडावर पातळ पसरून ठेवले, की मोठे किडे अंधाराच्या शोधात स्वतःच चालू लागतात आणि तासाभरात बरेचसे निघून जातात. मात्र दाण्याच्या आत असलेल्या अळ्या असे केल्याने निघत नाहीत. म्हणून ते तांदूळ पुन्हा डब्यात भरले, की पंधरा दिवसांत नवे किडे दिसतात. यात किड्यांचा चमत्कार नाही. आधीचीच अळी मोठी झालेली असते.

मर्यादा

शेवटी या मार्गाची मर्यादा स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. वाळवी जमिनीतून मातीच्या नळीने वर चढते. नळी पुसून ती थांबत नाही. लाकूड मातीपासून उंच ठेवणे आणि भिंतीची गळती बंद करणे, एवढेच घरच्या सफाईत बसते. वासे पोखरले गेले असतील, छप्पर कोसळण्याचा धोका असेल, तर जाणकार मनुष्याला बोलवावेच लागते. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि डेंग्यू डासांमुळे. घरात आजार आल्यावर श्रावकाने काय करावे, याचा विचार आपल्या परंपरेने संकल्पी, आरंभी, विरोधी अशा हिंसेच्या भेदांत केलेला आहे. त्याचा निर्णय गुरुभगवंतांना विचारून घ्यावा. तो माझा अधिकार नाही. मी एवढेच सांगू शकतो, की वेळेवर केलेल्या सफाईने तो प्रसंग क्वचित येतो.

एका गोष्टीत मात्र मतभेदाला जागा नाही. धान्यात ठेवण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नयेत. ओल लागताच त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे, विशेषतः बालकांचे, त्याने मृत्यू झालेले आहेत. किडे मारायला आणलेले विष माणूस आणि कीटक असा भेद करत नाही.

या वर्षीच्या पंधरवड्याचा क्रम थोडक्यात असा ठेवता येईल. पहिले दोन दिवस केवळ पाहणे. नंतरचे तीन दिवस जाळ्या, फटी, दाराखालची पट्टी आणि फांद्या. मग कोठी, मग कपाटे व माळा आणि सर्वांत शेवटी मोरी. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी ज्ञानपंचमीला पुस्तके. आणि त्यानंतर घरातल्या दिनदर्शिकेवर दर आठवड्याला मोरीची आणि दर तीन आठवड्यांनी कडधान्याच्या डब्यांची खूण करून ठेवावी. पुढच्या आश्विनात कोठीचे झाकण उघडल्यावर आत काय दिसेल, ते आपल्या केरसुणीच्या जोरावर नव्हे, या खुणांवर ठरणार आहे.